चौतीस कोटी की त्रेचाळीस लाख?

नवी सेवा सुरू करायची म्हणणाऱ्या माणसासमोर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "आपल्या शहराची लोकसंख्या वीस लाख. त्यातली एक टक्का माणसं जरी आली तरी वीस हजार गिऱ्हाइकं होतात." बोलणारा प्रामाणिक असतो आणि आपण फार थोडं मागतोय असंच त्याला वाटत असतं. पण वीस लाख हा आकडा त्यानं कुठून तरी आणलेला असतो आणि एक टक्का मात्र कुठूनच आणलेला नसतो. तो लहान दिसतो एवढ्याच बळावर खरा मानला जातो. हा मोह जुना आहे. कार्ल क्रो हा अमेरिकी जाहिरातदार शांघायमध्ये व्यवसाय करत होता. त्यानं १९३७ साली लिहिलेल्या पुस्तकाचं नावच 'चाळीस कोटी गिऱ्हाइकं' असं आहे. एवढी माणसं आहेत म्हणजे माल खपणारच, या भरवशावर चीनकडे पाहणारे परदेशी कारखानदार त्यात भेटतात.

सेवा सुरू करण्याआधी तिचा बाजार केवढा आहे, म्हणजे वर्षभरात सगळे मिळून तिच्यावर किती रुपये खर्च करतील, हे काढायच्या दोन वाटा आहेत. एक वरून खाली येते. मोठा, छापील आकडा घ्यायचा आणि आपल्याला लागू नसलेली माणसं गाळत खाली यायचं. दुसरी खालून वर जाते. एक गिऱ्हाईक, एक फेरी, एक पावती इथून सुरुवात करायची आणि गुणत वर चढायचं. व्यवसायाच्या वर्गांत त्यांना टॉप-डाऊन आणि बॉटम-अप म्हणतात. बहुतेक लोक यातली एकच वाट चालतात आणि जो आकडा येईल तो आराखड्यात लिहून टाकतात. दोन्ही वाटा स्वतंत्रपणे चालून, दोन्ही आकडे शेजारी ठेवून, त्यांच्यात एवढी तफावत का पडली हे शोधत बसणं हा यातला सगळ्यात उपयोगाचा भाग आहे आणि नेमका तोच वगळला जातो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. नाशिकमधल्या एक ताई आहेत असं धरा. बारा वर्षं त्यांनी एका रुग्णालयात रिसेप्शनवर काम केलं आहे. म्हातारी माणसं एकटी येतात, केसपेपर काढायला एका खिडकीवर, तपासणीला दुसऱ्या मजल्यावर, रिपोर्टला तिसरीकडे फिरतात, डॉक्टर काय म्हणाले ते घरी जाईपर्यंत निम्मं विसरतात, हे त्यांनी रोज पाहिलं आहे. त्यांच्या मनात सेवा आहे ती सोबतीची. घरून रिक्षानं न्यायचं, नंबर लावायचा, डॉक्टरांशी बोलताना शेजारी बसायचं, औषधं घेऊन परत घरी सोडायचं आणि मुलाला किंवा मुलीला फोनवर सगळं सांगायचं. एका फेरीचे ६०० रुपये, रिक्षाचं भाडं वेगळं. शहरात याला बाजार किती?

आधी वरून खाली. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेच्या हद्दीत १४ लाख ८६ हजार लोक होते. त्यानंतर जनगणना झालेलीच नाही, त्यामुळे आजचा आकडा आपणच बांधायला हवा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहर सुमारे ३८ टक्क्यांनी वाढलं होतं. तो वेग पुढे टिकला असं न धरता वर्षाला दोन टक्केच वाढ धरली, तरी पंधरा वर्षांत लोकसंख्या २० लाखांवर पोचते. महाराष्ट्रात साठ वर्षांवरच्या लोकांचं प्रमाण २०११ मध्ये ९.९ टक्के होतं आणि ते वाढत चाललं आहे. ते १२ टक्के धरू. म्हणजे २ लाख ४० हजार ज्येष्ठ. पण साठीची माणसं स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जातात. सोबत लागते ती सत्तरीच्या पुढे. ज्येष्ठांमध्ये अशी माणसं ४० टक्के धरली तर ९६ हजार उरतात.

इथे थांबायचा मोह होतो. ९६ हजार माणसं, वर्षाला प्रत्येकी सहा फेऱ्या, फेरीला ६०० रुपये. गुणाकार ३४ कोटी ५६ लाख रुपयांवर जातो. 'एकूण बाजार' म्हणून आराखड्याच्या पहिल्या पानावर हाच आकडा छापला जातो आणि एक टक्क्याचं वाक्य त्याच्याच पुढे येतं. पण या ९६ हजारांत मुलगा-सुनेसोबत राहणारे आहेत, दवाखान्यात नातू घेऊन जातो असे आहेत, आणि फेरीला ६०० रुपये हे ज्यांच्या आठवड्याच्या किराण्याइतके आहेत असेही आहेत. त्यांना सोबत हवी असेल, पण त्यांच्याकडून या सेवेला रुपया येणार नाही. म्हणून अजून खाली उतरायला हवं.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं ज्येष्ठांची देशव्यापी पाहणी केली होती. तिच्यात साठीपुढचे सुमारे सहा टक्के लोक एकटे आणि सुमारे वीस टक्के फक्त जोडीदारासोबत राहताना आढळले. दोन्ही मिळून साधारण एक चतुर्थांश. हा आकडा देशाचा आहे, नाशिकचा नाही, आणि सत्तरीचा नाही, साठीचा आहे, हे शेजारी लिहून ठेवायचं आणि पुढे जायचं. ९६ हजारांचे झाले २४ हजार. त्यातल्या ज्यांना पेन्शन आहे किंवा मुलं पैसे पाठवतात, म्हणजे ज्यांना हा खर्च झेपेल, असे एक तृतीयांश धरू. उरले ८ हजार. त्यांच्या वर्षाला ४८ हजार फेऱ्या आणि २ कोटी ८८ लाख रुपये.

चौतीस कोटींवरून आपण तीन कोटींच्या आत आलो आणि अजून घराबाहेर पडलेलो नाही. या वाटेचं हेच बलस्थान आहे. एका संध्याकाळी टेबलावर बसून कल्पना अगदीच पोकळ आहे का ते कळतं. तिचं दुबळेपणही तिथंच आहे. साखळीत छापील आकडे दोन-तीन आणि अंदाज तीन-चार. समजा, तीन अंदाज प्रत्येकी दीडपट चुकले आणि तिन्ही एकाच दिशेनं चुकले, तर उत्तर जवळजवळ साडेतीनपट चुकतं. मग २ कोटी ८८ लाख म्हणजे ८५ लाखही असू शकतात आणि पावणेदहा कोटीही. चुका एकमेकींना काटतात असं म्हणतात, पण आपल्याच सेवेच्या प्रेमात पडलेल्या माणसाचे सगळे अंदाज एकाच बाजूला झुकलेले असतात. म्हणून प्रत्येक गाळणीच्या शेजारी तो आकडा कुठून आला ते लिहावं. जनगणना, पाहणी किंवा नुसतं 'माझं मत'. ज्या ओळींसमोर 'माझं मत' आहे, तिथेच पुढचं काम आहे.

आता खालून वर. यासाठी ताईंना त्या रुग्णालयात जाऊन बसावं लागेल. परवानगी घ्यायची, ओपीडीच्या बाकावर वही घेऊन बसायचं आणि सत्तरीच्या वाटणाऱ्या प्रत्येक माणसासमोर एक खूण करायची. सोबत मुलगा, मुलगी किंवा सून आहे का, शेजारी किंवा दूरचं नातं आहे का, फक्त जोडीदार आहे, की कुणीच नाही? एक दिवस पुरत नाही. सोमवारी गर्दी वेगळी असते, हृदयरोगतज्ज्ञ येतात त्या दिवशी वेगळी, आणि पेन्शन जमा झाल्यावरच्या आठवड्यात आणखी वेगळी. दहा दिवस मोजलं आणि दिवसाला सरासरी चाळीस वृद्ध आले, त्यातले तेरा एकटे किंवा फक्त जोडीदारासोबत होते, असं समजू. म्हणजे साधारण तीनांतला एक.

मग शहरात अशी ठिकाणं किती, हे पाहायचं. खासगी रुग्णालयांना महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली स्थानिक संस्थेकडे नोंद करावी लागते, म्हणून यादी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. ती घेऊन बसायचं आणि प्रसूतिगृहं, बालरुग्णालयं काढून टाकायची. डोळे, हाडं, हृदय, किडनी, मधुमेह यांची ओपीडी चालवणारी ४० ठिकाणं उरली असं धरू. आपण मोजलं ते मोठं होतं, म्हणून बाकीच्यांची सरासरी निम्मी, दिवसाला वीस वृद्ध, धरायची. मोजायला सोपं पडलं तेच रुग्णालय नमुना मानून चाळीसनं गुणणं ही या वाटेवरची नेहमीची चूक आहे. वर्षात ओपीडीचे ३०० दिवस. वीस गुणिले तीनशे गुणिले चाळीस म्हणजे २ लाख ४० हजार फेऱ्या आणि त्यातल्या एकट्यादुकट्यांच्या ८० हजार.

आता सगळ्यात अवघड ओळ. यातले पैसे किती जण देतील? "अशी सेवा असली तर घ्याल का?" असं विचारलं तर आजी म्हणतात, "हो बाळा, फार चांगलं होईल." हे उत्तर वहीत लिहू नये. ते सौजन्य आहे, मागणी नाही. विचारायचं ते घडून गेलेल्याबद्दल. मागच्या खेपेला कोण आलं होतं? त्यानं रजा काढली होती का? रिक्षावाल्याला थांबवून ठेवायला किती दिले? आणि त्याहून पक्कं म्हणजे सेवा खरोखर देऊन पाहायची. शंभर एकट्यादुकट्या वृद्धांना किंवा त्यांच्या घरच्यांना पुढची तारीख विचारून, ६०० रुपये घेऊन सोबत देऊ करायची. शंभरांत नऊ जणांनी पैसे दिले असं समजू. मग ८० हजारांचे नऊ टक्के म्हणजे ७,२०० फेऱ्या आणि वर्षाला ४३ लाख २० हजार रुपये.

वरून आलेला आकडा २ कोटी ८८ लाख, खालून आलेला ४३ लाख. जवळजवळ सातपट फरक. इथे माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. मोठा आकडा आवडतो म्हणून तो ठेवतात, किंवा दोन्हींची सरासरी काढून मन शांत करतात. सरासरीनं काहीच कळत नाही. त्याऐवजी दोन्ही साखळ्यांच्या कड्या एकमेकींसमोर ठेवायच्या. वरच्या वाटेवर एकट्यादुकट्या वृद्धांच्या फेऱ्या २४ हजार गुणिले सहा, म्हणजे १ लाख ४४ हजार होत्या. खालच्या वाटेवर ८० हजार. हा फरक दुपटीच्या आतला आहे आणि समजण्यासारखा आहे. ताईंनी सरकारी रुग्णालय, पॅथॉलॉजी लॅब, दातांचे दवाखाने आणि गल्लीतले डॉक्टर मोजलेच नव्हते. कदाचित वर्षाला सहा फेऱ्या हा अंदाजही जास्त असेल. पुढच्या कडीवर मात्र वरून एक तृतीयांश आणि खालून नऊ टक्के आहेत. जवळजवळ चौपट तफावत या एकाच ठिकाणी आहे.

कारण दोन्हीकडे मोजलेल्या गोष्टीच वेगळ्या आहेत. वरच्या वाटेवर आपण कुणाला झेपेल ते धरलं. खालच्या वाटेवर कुणी दिले ते मोजलं. ज्यांना झेपत होतं त्यातल्या बहुतेकांनी का दिले नाहीत हे त्यांनाच विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारलं की असं काही निघू शकतं की पैसे देणाऱ्या नऊपैकी सातांचं बुकिंग पुण्यातून किंवा परदेशातून मुलानं अथवा मुलीनं केलं, आणि ज्यांना स्वतःच्या खिशातून द्यायचे होते ते म्हणाले, "कशाला उगाच, मी जाते हळूहळू." तसं निघालं तर गिऱ्हाईकच बदललं. सेवा आजींना मिळते, पण विकत घेतो तो दूर राहणारा मुलगा. मग मोजायचं ते सत्तरीची माणसं नव्हे, तर ज्यांची कमावती मुलं गावाबाहेर आहेत अशी घरं. आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द असा दोन आकड्यांच्या भांडणातून हाती येतो. एकच आकडा काढला असता तर तो कधीच दिसला नसता.

पण दोन्ही वाटांना एक समान आंधळेपणा आहे. ओपीडीच्या बाकावर बसून आपण कुणाला मोजलं? जे आले त्यांना. सोबत नाही म्हणून जे आलेच नाहीत ते त्या बाकावर दिसणार नाहीत, आणि जनगणनेच्या तक्त्यातही त्यांच्यासाठी रकाना नाही.

या आंधळेपणाचा गाजलेला दाखला उबरचा आहे. जून २०१४ मध्ये गुंतवणूकदारांनी उबरची किंमत १७ अब्ज डॉलर ठरवली. न्यूयॉर्क विद्यापीठातले वित्तशास्त्राचे प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांनी त्यावर आपलं गणित मांडलं. जगभरातल्या टॅक्सी आणि भाड्याच्या गाड्यांचा बाजार वर्षाला १०० अब्ज डॉलर, उबरला त्यातला फार तर दहा टक्के वाटा मिळेल, भाड्यातले वीस टक्के कंपनीकडे राहतील. या हिशेबानं किंमत ५.९ अब्ज निघत होती. पद्धत स्वच्छ होती, प्रत्येक गृहीतक उघड मांडलेलं होतं. पुढच्याच महिन्यात बिल गर्ली यांनी उत्तर लिहिलं. ते स्वतः उबरमधले गुंतवणूकदार होते, हे वाचकानं लक्षात ठेवलेलं बरं. त्यांचं म्हणणं असं होतं की आजची टॅक्सी लोक किती वापरतात, यावरून उद्याची टॅक्सी किती वापरतील हे मोजता येत नाही. गाडी पाच मिनिटांत दाराशी येते, भाडं कमी होतं, पैसे आपोआप कापले जातात, म्हणून आधी टॅक्सीनं कधीच न जाणारे लोक जाऊ लागतात. रात्री उशिरा परतणारे, उपनगरांतले, दुसरी गाडी विकत घ्यायचा विचार सोडून देणारे. त्यांच्या मते प्राध्यापकांचा बाजाराचा अंदाज पंचवीसपट चुकलेला असू शकत होता.

जानेवारी २०१५ मध्ये म्युनिकच्या एका परिषदेत उबरचे प्रमुख ट्रॅव्हिस कॅलनिक यांनी सांगितलं की सॅन फ्रान्सिस्कोचा टॅक्सीचा बाजार वर्षाला सुमारे १४ कोटी डॉलरचा आहे आणि त्याच शहरात उबरच्या फेऱ्या ५० कोटी डॉलरच्या वेगानं चालल्या आहेत. म्हणजे एकट्या नवख्या सेवेची उलाढाल जुन्या 'एकूण बाजारा'च्या तिपटीहून मोठी. हे आकडे कंपनीच्या प्रमुखांनी दिलेले आहेत, तरी दिशा त्यातून स्पष्ट होते. दामोदरन यांनीही आडमुठेपणा केला नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी बाजाराची व्याख्या रुंदावून नवं गणित केलं, तेव्हा त्यांचा आकडा २३.४ अब्जांवर गेला. मला या वादात ते हरले असं वाटत नाही. आपलं गृहीतक इतकं उघड मांडलं होतं म्हणूनच ते नेमकं कुठे अपुरं आहे हे दुसऱ्याला दाखवता आलं.

आणि बाजार मोठा निघाला म्हणजे पैसे सुटले असंही नाही. उबरनं वर्षाचा पहिला कार्यकारी नफा दाखवला तो २०२३ मध्ये. मधली कित्येक वर्षं भाडं कमी ठेवण्यासाठी गुंतवणूकदारांचा पैसा ओतला जात होता, आणि वाढलेल्या मागणीतला काही भाग त्या स्वस्ताईचाच होता. फुकटच्या जवळ विकलं तर बाजार मोठाच दिसतो. ताईंनी चाचणीत ६०० ऐवजी १०० रुपये घेतले असते तर नऊऐवजी चाळीस जण आले असते आणि तो आकडा खोटा ठरला असता.

तर न आलेले कसे मोजायचे? एक साधी, सरकारी आणि बहुतेकांना न सुचणारी जागा आहे ती म्हणजे मतदार यादी. मतदान केंद्रनिहाय यादीत प्रत्येक मतदाराचं वय छापलेलं असतं. एका केंद्राच्या यादीत हजारभर नावं असतात. त्यातली सत्तरीपुढची मोजायची आणि त्या घरांपर्यंत चालत जायचं. यादी जुनी असते, काही जण वारलेले असतात, काही मुलाकडे राहायला गेलेले असतात, म्हणून साठ नावांतली पंचेचाळीसच भेटली तर नवल नाही. यादीचा उपयोग मोजण्यापुरता आणि दार शोधण्यापुरता करायचा. नाव-पत्ता साठवून ठेवून उद्या जाहिरातीचे फोन करायचे नाहीत. दारात विचारायचा प्रश्न एकच आहे. "गेल्या सहा महिन्यांत दवाखान्यात जायची तारीख होती, पण गेला नाहीत असं झालं का? का राहिलं?" पंचेचाळीस घरांत पंधरा एकटीदुकटी निघाली आणि त्यातल्या सहांनी तारीख चुकवलेली निघाली, तर ओपीडीच्या बाकावर न दिसलेली मागणी लहान नाही एवढं नक्की म्हणता येईल. ती ८० हजारांत सरळ मिळवता मात्र येणार नाही. तारीख चुकवणाऱ्यांत पैसे वाचवणारेही असतात. त्यांच्यासाठी पुन्हा शंभरांची चाचणीच करावी लागेल.

आता त्या नऊ टक्क्यांकडे परत येऊ, कारण सगळा भार त्यांच्यावर आहे. शंभरांत नऊ आले म्हणजे खरं प्रमाण पाच असू शकतं किंवा पंधरा. इतक्या लहान चाचणीत एवढा हेलकावा असतोच. शिवाय नऊ हे पहिल्या खेपेचे. दुसऱ्या तारखेला त्यातले चारच परत आले, तर वर्षाच्या हिशेबात नऊ नव्हे, चार धरायला हवेत. मग ७,२०० ऐवजी ३,२०० फेऱ्या आणि ४३ ऐवजी १९ लाख रुपये. आणि हे सगळे पैसे ताईंचे नाहीत. सोबत जाणाऱ्या बाईला फेरीमागे ३५० रुपये द्यायचे तर त्यांच्या हातात २५० राहतात. गिऱ्हाइकानं दिलेली सगळी रक्कम आणि त्यातली आपली यांची गल्लत कागदावर सहज होते, म्हणून दोन्ही रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवायचे.

खालून वर जाणाऱ्या वाटेचं शेवटचं टोक माणसांच्या हातांशी येऊन थांबतं. एक सोबतीण दिवसाला सरासरी दीड फेरी करेल आणि महिन्यात पंचवीस दिवस काम करेल असं धरलं, तर महिन्याला सदतीस फेऱ्या होतात. पहिल्या वर्षी चौघी मिळाल्या तर १,७७६ फेऱ्या. हा आकडा ३,२०० हून कमी आहे, म्हणजे अगदी निराश अंदाजानंसुद्धा चौघींना पुरेल एवढं काम शहरात आहे. या टप्प्यावर एकूण बाजार ४३ लाखांचा की पावणेतीन कोटींचा, यावरून ताईंचा निर्णय बदलत नाही. त्यांच्या हाती राहणारे ४ लाख ४४ हजार रुपये, म्हणजे महिन्याचे ३७ हजार, त्यातून फोन, प्रवास आणि त्यांचा स्वतःचा पगार. एका घराला आधार देणारा हा व्यवसाय होईल. गुंतवणूकदार शोधावा अशी ही कंपनी आज तरी नाही.

पण दीड फेरी हा आकडाही तपासावा लागेल, आणि तो टिकेल असं मला वाटत नाही. ओपीडी सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ अशा वेळांत दाटलेल्या असतात. वृद्धांना संध्याकाळी अंधारात बाहेर पडायचं नसतं, म्हणून सगळ्यांना सकाळच हवी. सकाळी एक बाई एकाच आजोबांसोबत असू शकते. मग दिवसाला एकच फेरी, महिन्याला पंचवीस आणि तिच्या हातात ८,७५० रुपये. एवढ्यावर जबाबदार बाई टिकणार नाही. दोन महिन्यांत ती दुसरीकडे जाईल आणि आजींना दर खेपेला नवा चेहरा दिसेल. तिला फेरीमागे ५०० द्यायचे ठरवलं तर महिन्याला १२,५०० होतात, आणि त्यासाठी दर ८०० करावा लागतो. चौघींच्या वर्षाला १,२०० फेऱ्या, ताईंकडे फेरीमागे ३०० आणि महिन्याचे ३० हजार. कागदावर हेही जमतं.

फक्त शंभरांत नऊ आले होते ते ६०० रुपयांना. ८०० रुपयांना किती येतात, हे पाहायला ताईंना वही घेऊन पुन्हा त्याच बाकावर जावं लागेल, आणि या खेपेला प्रत्येक आजींकडून मुलाचा फोन नंबरही मागून घ्यावा लागेल.